एंगेजमेंट रेटची माझी शीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इन्स्टाग्रामवर माझं सुलेखनाचं छोटं अकाउंट आहे. शीट सुरू केली तेव्हा ४,२०० फॉलोअर होते. आठ महिने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यात आकडे भरते आहे, आणि पहिले दोन महिने मी ते चक्क चुकीचे भरत होते. म्हणून हा अनुभव लिहिताना सुरुवात चुकीपासूनच करते.

शीटच्या आधी माझं मोजमाप एकच होतं. सुलेखनातलं एक नावाजलेलं अकाउंट बघायचं आणि खट्टू व्हायचं. त्यांचे बारा लाख फॉलोअर, प्रत्येक पोस्टला नऊ-दहा हजार लाइक. माझ्या पोस्टला शंभर. मग कुठेतरी वाचलं की लाइक नुसते बघायचे नसतात, एंगेजमेंट रेट काढायचा असतो, म्हणजे दर शंभर लोकांमागे किती प्रतिसाद मिळाला ते. काढला. त्यांचे नऊ हजार भागिले बारा लाख, म्हणजे पाऊण टक्का. आणि माझा? बारा टक्के! दोन दिवस मी हवेत होते. त्यांच्या सोळा पट!

हा बारा टक्क्यांचा फुगा कसा फुटला ते जरा सविस्तर सांगते, कारण हीच चूक मला सगळीकडे दिसते. ती पोस्ट अशी होती: १०४ लाइक, ३४ कॉमेंट, ६० सेव्ह, ३० शेअर, एकूण २२८. ती १,९०० जणांपर्यंत पोचली होती, म्हणजे ॲपच्या भाषेत रीच १,९००. २२८ भागिले १,९०० म्हणजे बारा टक्के. गणितात चूक नव्हती. पण त्या मोठ्या अकाउंटचे सेव्ह मला दिसत नाहीत, रीचही दिसत नाही. ते फक्त त्यांनाच दिसतं. म्हणजे त्यांच्यासाठी मी लाइकना फॉलोअरनी भागलं आणि माझ्यासाठी चार गोष्टींच्या बेरजेला रीचने भागलं. वर जास्त, खाली कमी, मग आकडा फुगणारच. तीच पोस्ट बाहेरच्या माणसाला दिसेल तशी मोजली तर लाइक आणि कॉमेंट मिळून १३८, भागिले ४,२००, म्हणजे ३.३ टक्के.

आणि तेही खरं नव्हतं. ३४ कॉमेंटपैकी १७ माझीच उत्तरं होती. "धन्यवाद", "हो, कट निबच आहे", "शाई जलरोधक नाही". ॲप ही उत्तरंसुद्धा कॉमेंटमध्येच मोजतं. मी मनमोकळी उत्तरं देणारी असल्यामुळे माझा आकडा माझ्याच बोलण्याने वाढत होता. ती वजा केल्यावर उरले १२१, म्हणजे २.९ टक्के. बाराचे तीन झाले आणि पोस्ट तीच!

रीचने भागणं वाईट असं मला म्हणायचं नाही. पोस्ट ज्यांनी पाहिली त्यांना ती कितपत भावली हे त्यातूनच कळतं, आणि स्वतःच्याच दोन पोस्ट शेजारी ठेवायला मी अजूनही तेच वापरते. दुसऱ्यांशी तुलना करायची तेव्हा मात्र दोघांचंही तेवढंच मोजायचं जेवढं बाहेरून दिसतं. त्यामुळे माझ्या शीटमध्ये आता हे दोन तक्ते आहेत, शेजारी-शेजारी, वेगळ्या रंगात. ते एकमेकांत मिसळत नाहीत.

तुलनेच्या तक्त्यातली सूत्रं एवढीच आहेत. B मध्ये लाइक, C मध्ये कॉमेंट, D मध्ये अकाउंटवाल्याची स्वतःची उत्तरं, E मध्ये फॉलोअर, आणि F मध्ये येणारा रेट:

```
=(B2+C2-D2)/E2*100
=MEDIAN(F2:F13)
```

दुसरी ओळ मला फार उशिरा सुचली. आधी मी बारा पोस्टची सरासरी घेत होते. इंटरनेटवरच्या एका फुकट कॅल्क्युलेटरनेही तेच केलं आणि मला ५.६ टक्के देऊन शाबासकी दिली. बारा पोस्टचे माझे लाइक-कॉमेंटचे आकडे होते ११८, ९६, १३१, १०४, ८८, १४२, १६१०, १०९, ७३, १२१, ९७, ११२. सातवा बघा. ती शाई सांडल्याची रील. सुलेखनाशी तिचा संबंध इतकाच की शाई माझी होती. सरासरी येते २३३, आणि माझ्या एकाही साध्या पोस्टला कधी २३३ मिळालेले नाहीत. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर ११०.५ येतो, म्हणजे २.६ टक्के. कुठलीही साधी पोस्ट टाकली तर साधारण काय होईल हे २.६ सांगतो. ५.६ मला फक्त सांडलेल्या शाईबद्दल सांगत होता.

आता ज्यांच्याशी तुलना करायची ती अकाउंट. माझ्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत, म्हणजे २,१०० ते ८,४०० फॉलोअरमधली दहा अकाउंट मी निवडली. विषय सुलेखनच, महिन्याला साधारण माझ्याइतक्याच पोस्ट. शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण ॲप तुम्हाला मोठीच अकाउंट सुचवत राहतं. शेवटी माझ्या पोस्टवर नियमित कॉमेंट करणारे कुणाला फॉलो करतात ते बघत गेले, तेव्हा सापडली.

मोठं अकाउंट का नको, तर फॉलोअर वाढतात तसा हा रेट बहुतेकांचा उतरतोच. वर्षानुवर्षं साठलेल्या फॉलोअरमधले कितीतरी जण ॲप उघडतच नाहीत, किंवा त्यांची आवड बदललेली असते. ते आकड्यात राहतात, पोस्टवर येत नाहीत. २०१६ पासून इन्स्टाग्रामची फीड नुसती वेळेच्या क्रमाने दिसत नाही, त्यामुळे फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला पोस्ट दिसेलच असंही नाही. नावाजलेल्या माणसाला तर लोक कुतूहल म्हणून फॉलो करतात आणि विसरतात. म्हणजे लाइक बघून खट्टू होणं जितकं फोल, तितकंच "माझा रेट त्यांच्यापेक्षा जास्त" म्हणून खूश होणंही. मी दोन्ही करून बसले आहे.

लहान अकाउंटचा आणखी एक फायदा मोजायला बसल्यावर कळला. पोस्टला वीस-तीस कॉमेंट असतील तर अकाउंटवाल्याची उत्तरं खरोखर मोजता येतात. हजार कॉमेंटमधून ती कोण वेचणार?

दहांचे मधले रेट निघाले १.४, १.७, १.९, २.२, २.४, २.८, ३.१, ३.३, ४.० आणि ६.८. या दहांचा मधला पुन्हा २.६. म्हणजे मी बरोब्बर रांगेच्या मध्यावर. खट्टू व्हायला जागा नाही आणि मिरवायलाही नाही. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली, पण पहिल्यांदाच आकडा ओळखीचा वाटला.

६.८ वर मी बराच वेळ अडकले होते. २,६०० फॉलोअरचं अकाउंट, काम चांगलं, पण इतकं? एकेक पोस्ट उघडली तर बारापैकी सात पोस्टवर "दोन मित्रांना टॅग करा, निब जिंका". कॉमेंट सगळ्या नुसत्या नावांच्या, कामाबद्दल एक शब्द नाही. त्या सात बाजूला ठेवल्या तर उरलेल्या पाचांचा मधला रेट २.५ निघाला. तेव्हापासून गिव्हअवेच्या पोस्ट मी कुणाच्याच धरत नाही. दोन अकाउंटनी मिळून टाकलेल्या कोलॅब पोस्टही सोडते, कारण तिथले लाइक दोघांच्या फॉलोअरचे असतात आणि भागाकार एकाच्याच फॉलोअरने होतो. प्रोफाइलच्या माथ्यावर पिन केलेल्या पोस्ट सोडते, त्या निवडक आणि बहुधा जुन्या असतात. आठवडाही न झालेल्या पोस्ट सोडते, त्यांचे आकडे अजून वाढत असतात. लाइक लपवून ठेवणारी दोन अकाउंट यादीतून काढून दुसरी घ्यावी लागली.

शीटने मला खरा उपयोग करून दिला तो चौथ्या महिन्यात, रील आणि कॅरोसेल, म्हणजे एकाच पोस्टमध्ये सरकवत बघायचे अनेक फोटो, वेगळे केल्यावर. कॅरोसेलमध्ये माझा मधला रेट २.९ आणि त्या दहांचा २.८. रीलमध्ये मात्र माझा १.९, त्यांचा २.५. एकत्रित आकड्यात हे लपलं होतं. त्यांच्या रील ओळीने पाहिल्या तर पहिल्याच क्षणी निब कागदावर असते. माझ्यात आधी बाटलीचं झाकण, मग शाईत बुडवणं, मग हात पुसणं. अक्षर सुरू व्हायला सहा सेकंद! ते सगळं कापलं. तीन महिन्यांनी रीलचा मधला रेट २.४ झाला. कापल्यामुळेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, त्याच काळात विषयही थोडे बदलले होते. पण बाटलीचं झाकण मी परत आणलेलं नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे फरकांना किती किंमत द्यायची हे शीट सांगत नाही. सुरुवातीला २.६ चा २.३ झाला की माझा महिना खराब जायचा. मग एकदा उलटा हिशेब केला: ४,२०० चे ०.३ टक्के म्हणजे बारा-तेरा लाइक. बारा-तेरा लोक त्या दिवशी ॲपवर आले नाहीत, बस्स. बारा पोस्टवर काढलेल्या आकड्यात एवढं मागेपुढे होणारच. आता अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक मी वाचतच नाही, आणि तो तीन महिने एकाच दिशेने गेला तरच विचार करते.

दुसरी तक्रार वाढीची. सहाव्या महिन्यात एका रीलमुळे नऊशे फॉलोअर आले, ५,१०० झाले. पोस्टला मिळणारे ११० च्या आसपासचे लाइक-कॉमेंट तसेच राहिले, पण २.६ चा २.२ झाला. जुने लोक तितकेच येत होते, नवे अजून रुळले नव्हते. एरवी मी घाबरून काहीतरी बदललं असतं. आता माझ्या पोस्टपुढे पोस्ट टाकल्या दिवशीचे फॉलोअर लिहिते. दुसऱ्यांचे त्या दिवशीचे फॉलोअर बघायला मिळत नाहीत, तिथे महिन्याच्या रविवारचाच आकडा चालवून घ्यावा लागतो.

आणि वेळ. दहा अकाउंट, प्रत्येकी बारा पोस्ट, म्हणजे एकशे वीस पोस्ट हाताने. पहिल्या फेरीला दोन संध्याकाळी लागल्या, आता दीड तास. दर आठवड्याला करणाऱ्यांना माझा नमस्कार.

या महिन्यात यादीतलं एक अकाउंट एकोणीस हजारांवर गेलं. माझ्या दुपटीच्या कितीतरी पुढे, त्यामुळे काढावं लागलं. त्या अकाउंटवालीचा रेट २.८ वरून १.६ वर आला आहे. तिला अभिनंदनाचा मेसेज केला, त्यात हे लिहिलं नाही. तिच्या जागी ३,७०० वालं एक नवं अकाउंट घेतलं आहे, फक्त काळ्या शाईत काम करणारं. रील अजून एकही नाही, त्यामुळे त्याची फक्त कॅरोसेलचीच रांग भरली आहे.