टायपिंग ट्यूटर ॲप्स: सात महिने वापरून झाल्यावर

वय ४३, सांगलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला आहे, दिवसभर लॅपटॉपवर मेल, एलआर नंबर, पार्टीचे जीएसटी नंबर हेच चालतं. वीस वर्षं चार बोटांनी खाली बघत टाईप केलंय आणि तरी स्पीड २४ शब्द मिनिटाला होता, म्हणजे अगदीच वाईट नाही, पण मान जाम व्हायची आणि स्क्रीनवर काय चुकलंय ते पूर्ण ओळ झाल्यावर कळायचं. म्हणून ऑगस्टमध्ये शिकायला घेतलं.

सुरुवात टायपिंगक्लबवर केली. फ्री आहे, F आणि J पासून सुरू होतं, कुठलं बोट कुठे ते चित्रात दाखवतं. पूर्ण नवशिक्यासाठी हेच घ्या. महिन्याभराने कीबीआरवर (keybr.com) गेलो. तिथे धडे नसतात, E, N, I, R अशी थोडीच अक्षरं देऊन सुरुवात करतं आणि त्यातूनच उच्चारता येतील असे पण अर्थ नसलेले शब्द बनवतं, आणि प्रत्येक अक्षराला ३५ चा स्पीड आला की पुढचं अक्षर उघडतं. ज्या अक्षरात आपण अडकतो तेच जास्त येतं. शब्द अर्थाचे नसल्यामुळे अंदाजाने पुढे पळता येत नाही हे मला फार आवडलं, बायकोला मात्र वाटलं मी काहीतरी मंत्र टाईप करतोय.

आता खरी गोष्ट. दोन महिने सगळं हिरवं हिरवं दिसत होतं, म्हणजे ॲपच्या मते अक्षर जमलं, B पण हिरवा, P पण हिरवा. आमच्या ऑफिसात एक जुन्या मॅडम आहेत, टाईपरायटरवर इन्स्टिट्यूटमध्ये asdfgf ;lkjhj घोटून शिकलेल्या. एकदा शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, B तुम्ही उजव्या हाताने का मारताय? आणि P ला करंगळी कुठे गेली?" बघतो तर खरंच, B उजव्या तर्जनीने आणि P अनामिकेने. ॲपला काय, B दाबलं गेलं एवढंच कळतं, कुठल्या बोटाने दाबलं ते त्याला कधीच कळत नाही. चुकीच्या बोटाने ३५ गाठले तरी ते पुढचं अक्षर उघडून देतं. कुठलंही ॲप असो, हे असंच. त्यामुळे आठवड्यातून एकदा मोबाईल बाटलीला टेकवून हाताचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि तीनच गोष्टी बघायच्या, B डाव्या तर्जनीनेच जातोय का, C मधल्या बोटाने का, आणि P ला करंगळी का. मॅडमनी हातावर रुमाल टाकून बसायला पण लावलं, चार दिवस लाज वाटली, मग सवय झाली.

दुसरा घोळ मी स्वतः घातला. घरी रात्री अर्धा तास नवीन पद्धत आणि ऑफिसात घाई म्हणून जुनी चार बोटं. कारण नवीन पद्धतीने तिसऱ्या आठवड्यात स्पीड १२ वर आला होता आणि १२ ने गाडी सुटायच्या वेळेला मेल कसा टाकणार. पण त्यामुळे महिनाभर दोन्ही सवयी एकमेकींना खात बसल्या. शेवटी ठरवलं की सकाळी जेवणापर्यंतचे मेल कितीही वेळ लागो नव्याच पद्धतीने, दुपारनंतर घाईचं जुन्या पद्धतीने. तीन आठवड्यांनी जुन्या पद्धतीचीच गरज संपली.

तिसऱ्या महिन्यात कीबीआर ३८ दाखवत होतं, मी खूश. मग एक साधा मेल घड्याळ लावून टाईप केला, बुकिंग झालेल्या गाडीचे डिटेल्स. मोकळ्या जागा धरून ६४० अक्षरं, पाच अक्षरांचा एक शब्द धरतात म्हणून १२८ शब्द, लागले सहा मिनिटं. म्हणजे २१! ३८ गेले कुठे? कारण मी तोवर छोटी अक्षरंच घोटत होतो, ना कॅपिटल, ना आकडे, ना फुलस्टॉप. आणि माझ्या मेलमध्ये दर ओळीला गाडी नंबर. प्रत्येक कॅपिटलला डाव्याच करंगळीने शिफ्ट दाबायचो, मग A ला तोच हात दोन कामं करायचा आणि बोटं जागेवरून हलायची. अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजवी, उजव्याचं असेल तर डावी, हे मला टायपिंगक्लबच्या धड्यात भेटलं होतं पण मी उड्या मारत पुढे गेलो होतो.

कीबीआरच्या सेटिंगमध्ये कॅपिटल आणि विरामचिन्हं वाढवता येतात, ती वाढवली. आणि मंकीटाईपवर कस्टम मध्ये स्वतःचे जुने मेल पेस्ट करून सराव केला (पार्टीचं नाव, नंबर बदलून, उगाच बाहेर कशाला). मंकीटाईप मुळात शिकवायचं ॲप नाही, टेस्ट आहे, नेहमीच्या सेटिंगला छोटे सोपे शब्द येतात, त्यामुळे तिथला आकडा जरा फुगीर वाटतो. पंक्चुएशन आणि नंबर चालू केले की माझे दहाएक शब्द लगेच खाली आले. जीएसटी नंबर, गाडी नंबर यांना शिफ्टचा घोळच नको, कॅप्सलॉक लावून टाका, आकड्यांना त्याचा काही फरक पडत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

लॅपटॉपचं सांगायचं तर माझ्या चौदा इंचीला वेगळा नंबरपॅड नाही, आकडे वरच्याच ओळीत. F आणि J वरचे उंचवटे इतके झिजले होते की बोटाला लागायचेच नाहीत, मुलीच्या नेलपॉलिशचा एक एक थेंब टाकला, काम फत्ते. आणि मनगट टेकलं की टचपॅडला अंगठा लागून कर्सर दुसऱ्याच ओळीत उडी मारायचा, मला वाटायचं मीच चुकतोय. टचपॅडची सेन्सिटिव्हिटी कमी केली, बंद झालं.

एक पैसे देऊन घेतलेलं ॲप पण होतं, नाव नको. रोज स्पीडचा आलेख आणि अभिनंदन, पण चुकलं तरी पुढे जाऊ द्यायचं, अचूकता ८८ टक्के असताना पण बॅज. खऱ्या मेलमध्ये ८८ म्हणजे दर आठ-नऊ अक्षरांमागे एक चूक, प्रत्येक वेळी बॅकस्पेस आणि परत टाईप. वर्षाचे पैसे गेले, तीन आठवड्यांत बंद केलं. आता मी अचूकता ९६ च्या खाली आली की मुद्दाम हळू मारतो.

मराठीचं बरेच जण विचारतात. मी इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणारा कीबोर्ड वापरतो म्हणून हाच सराव तिथे चालला, इनस्क्रिप्टवाल्यांना मात्र अक्षरांच्या जागा वेगळ्या, परत शून्यातून. आणि जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेला बसायचं असेल तर ३० किंवा ४० च्या पेपरचा सराव वेगळा करा, ही ॲप्स त्या नमुन्याची नाहीत.

परवा तसाच मेल परत घड्याळ लावून टाईप केला, ६५० अक्षरं, चार मिनिटं, म्हणजे साडेबत्तीस. ॲपवर ४४ दिसतं. ६ आणि ७ ला अजूनही खाली बघतो, मॅडमना माहीत आहे.