गड्ड्याच्या गर्दीत दाखवलेलं 'चालतं दुकान'

सोलापुरात गाळा बघताय आणि एजंट जानेवारीत घाई करतोय, तर जरा थांबा.

होम मैदानाकडं जाणाऱ्या रस्त्यावर लहान मुलांच्या कपड्यांचं चालतं दुकान द्यायचंय म्हणून मला फोन आला आणि बघायला बोलावलं ते नेमकं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, तेही संध्याकाळी. बाहेर पाय ठेवायला जागा नाही, आत दोन बायका फ्रॉक काढून बघतायत, मालक म्हणाला रोजचा आठ हजाराचा गल्ला आहे की ओ. भाडं 18,000, डिपॉझिट दीड लाख आणि 'गुडविल' म्हणून दोन लाख वेगळे, तेही कॅश. पावती मागितली तर म्हणे विश्वास नाही का.

हिशोब जमत होता. कपड्यात पंचवीस टक्के सुटले तर आठ हजारावर दिवसाला दोन हजार, म्हणजे महिन्याला साठ, त्यातून भाडं, पोराचा पगार नऊ आणि लाईटबिल तीन गेलं तरी तीस हजार उरतात. म्हणून पैसे दिले आणि दुकान घेतलं.

गड्डा उठला आणि रस्ता मोकळा. जी माणसं जायची ती गाडीवरून सुसाट, कारण समोर पार्किंगच नाही, आणि ती गर्दी मुळात पाळण्यांना आणि भज्यांना आलेली, कपड्यांना नाही. गल्ला अडीच हजारावर आला, म्हणजे महिन्याला सुटतात साधारण 18,750, जवळजवळ सगळे भाड्यातच. शेजारचा मोबाईलवाला तेवढ्याच गाळ्याचे 11,000 देतो, हे त्यानं चहा पिताना सांगितलं!

खरा दणका उन्हाळ्यात बसला. पुढच्याच गल्लीत त्याच मालकानं तेच दुकान नव्या नावानं टाकलं, जुन्या गिऱ्हाइकांचे सगळे नंबर त्याच्याकडंच, व्हॉट्सअपवर नवीन स्टॉकचे फोटो गेलेसुद्धा. आणि गल्ल्यावर कोण? त्या दिवशी फ्रॉक बघणारी बाई.

वकिलांनी सांगितलं, एरवी 'अमुक धंदा करू नको' असा करार कायद्यात टिकत नाही, पण गुडविल विकलं असेल तर ठराविक भागात तोच धंदा न करण्याची अट टिकते, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मध्येच ही सूट दिलीय. फक्त ते सिद्ध करायला अट लेखी पाहिजे आणि पैसे चेकनं. माझ्याकडं दोन्ही नाही.

तुम्ही बघत असाल तर मागच्या बारा महिन्यांची लाईटबिलं मागा. दुकान रात्रीपर्यंत चालत असेल तर युनिटमध्ये दिसतं, इथं डिसेंबरपर्यंतची बिलं जवळपास रिकाम्या गाळ्याची होती, आणि ती मला मीटर नावावर करताना मिळाली. गड्डा, दिवाळी सोडून साध्या मंगळवारी-बुधवारी दुपारी आणि संध्याकाळी समोरच्या टपरीवर बसा. रस्त्यानं किती जातात ते सोडा, किती थांबतात आणि किती जणांच्या हातात पिशवी आहे ते मोजा. आणि भाडं शेजाऱ्यालाच विचारा, एजंटचं कमिशन भाड्यावरच ठरतं.

नोटीस पाठवलीय, उत्तर आलेलं नाही.