नोकरी सोडताना गोपनीयता करार: सरसकट मसुदा, नेमका मसुदा की सहीच नको?

भोसरीतील औद्योगिक लेप बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षे काम केलेली एक रसायनतज्ज्ञ राजीनामा देऊन चाकणच्या प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार आहे, असे समजू. उदाहरण काल्पनिक आहे, परंतु अशा वेळी पुढे येणारी कागदपत्रे सर्वत्र सारख्याच वळणाची असतात. शेवटच्या आठवड्यात मनुष्यबळ विभाग तिच्यासमोर एक करारनामा ठेवतो. ‘सेवाकाळात मिळालेली कोणतीही माहिती’ कायम गुप्त ठेवावी, दोन वर्षे कोणत्याही प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये आणि भंग झाल्यास पंचवीस लाख रुपये द्यावेत, असे त्यात लिहिलेले आहे. याला आपण सरसकट मसुदा म्हणू. तिच्या वकिलाने सुचवलेल्या दुसऱ्या मसुद्यात गुप्त माहितीची यादी परिशिष्टात दिली आहे, दरपत्रकांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे आणि नोकरीवर बंदी नाही. तिसरा पर्याय म्हणजे कशावरच सही न करणे.

बऱ्याच जणांचा समज असा असतो की सरसकट मसुदा अधिक बांधणारा आणि नेमका मसुदा सौम्य आहे. न्यायालयात मात्र बहुधा उलटे घडते.

सरसकट मसुद्यातील नोकरीबंदीपासून सुरुवात करू, कारण भीती तिचीच असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यास आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. व्यवसायाचे नाव आणि पत विकणाऱ्यासाठी असलेला अपवाद नोकरी सोडणाऱ्याला लागू होत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या व्यवस्थापन कंपनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली. कराराची मुदत संपल्यानंतरचे बंधन वाजवी आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. म्हणून चाकणला जाण्यास दोन वर्षांची मनाई करणारे कलम टिकण्याची शक्यता फार कमी आहे.

तरीही कंपन्यांचे वकील एका जुन्या निकालाचा आधार घेतात आणि तो महाराष्ट्रातूनच आलेला असल्यामुळे नीट समजून घेण्यासारखा आहे. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीने टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचे तंत्र हॉलंड आणि जर्मनीतील कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. तेथे १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर रुजू झालेल्या एका शिफ्ट सुपरवायझरला सुमारे नऊ महिने प्रशिक्षण मिळाले. पुढच्याच वर्षी तो मुदतीपूर्वी निघून राजस्थानातील कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. गोलिकरी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालाचा आधार देताना दोन गोष्टी सोयीस्करपणे गाळल्या जातात. ती मनाई करारातील पाच वर्षांपैकी उरलेल्या काळापुरतीच होती, म्हणजे तत्त्वतः सेवाकाळातीलच होती. शिवाय ती ठराविक कामापुरती मर्यादित होती. आपल्या रसायनतज्ज्ञाने नोटीस कालावधी पूर्ण केला असून तिची मुदतबंद सेवा शिल्लक नाही. त्यामुळे हा निकाल तिला रोखण्यासाठी पुरेसा नाही.

गुप्ततेचे बंधन मात्र नोकरीबंदीपेक्षा वेगळे आहे, कारण त्याने कोणाची उपजीविका अडत नाही. चाकणला जाऊन काम करावे, पण भोसरीचे गुपित तेथे वापरू नये, एवढेच ते सांगते. असे बंधन नोकरीनंतरही टिकू शकते. त्यामुळे खरा प्रश्न मुदतीपेक्षा माहितीचा आहे: तिच्या जवळच्या कोणत्या माहितीला गुपित म्हणता येईल?

तिच्याकडे चार प्रकारची माहिती आहे. पहिली, एका इपॉक्सी प्रायमरची कृती. कोणते रेझिन, कोणते मिश्रक, कोणत्या क्रमाने आणि किती तापमानाला घालायचे, तसेच कोणते प्रयोग फसले, याची ही नोंद आहे. फसलेल्या प्रयोगांची माहितीही मौल्यवान असते, कारण ती हाती आली तर प्रतिस्पर्ध्याचे अनेक महिने वाचतात. अशी कृती कारखान्यात मोजक्याच लोकांना ठाऊक असेल आणि कुलूपबंद किंवा पासवर्डच्या आड ठेवलेली असेल, तर ती संरक्षणाच्या अगदी मध्यभागी येते. मात्र रंग आणि हार्डनर कोणत्या प्रमाणात मिसळायचे, हे डब्यावरच छापलेले असते. ते गुपित नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. बाजारातून डबा विकत आणून प्रयोगशाळेत तपासल्यावर जे कळते, ते चाकणच्या कंपनीने स्वतः शोधून काढले, तर त्यासाठीही तिला दोष देता येणार नाही.

दुसरी माहिती ग्राहकांची आणि दरांची आहे आणि वाद बहुतेक येथेच होतात. कोणता वाहन उद्योग भोसरीकडून माल घेतो, हे पुरवठा साखळीतील अनेकांना माहीत असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्टार इंडियाच्या खटल्यात म्हटले की, अनेकांना ठाऊक असलेले दैनंदिन व्यवहाराचे तपशील व्यापारी गुपित ठरत नाहीत. गुपित म्हणजे एखादे सूत्र, तांत्रिक ज्ञान किंवा इतरांना माहीत नसलेली धंद्याची खास पद्धत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ च्या अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणातही ग्राहकांच्या माहितीच्या नावाखाली कर्मचाऱ्याची दुसरी नोकरी अडवण्यास नकार दिला. याउलट त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये बर्लिंग्टन या टपालाद्वारे माल विकणाऱ्या कंपनीची ग्राहकसूची कॉपीराइटच्या आधारे संरक्षित केली, कारण माजी कर्मचाऱ्याने संकलित सूचीच वापरली होती. दोन्ही बाजूंचे निकाल एकत्र वाचले की रेषा स्पष्ट होते. डोक्यात राहिलेले ग्राहकाचे नाव आणि पेनड्राइव्हवर उतरवलेली ग्राहक-दर-सवलतींची फाइल यांना न्यायालय एकाच मापाने मोजत नाही. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या ईमेलवर पाठवलेली एक एक्सेल फाइल करारातील कोणत्याही कलमापेक्षा जास्त महागात पडू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे तिचे कसब. लेपावर टाचणीसारखी छिद्रे का पडतात, हे हवेतील दमट अंश आणि फवाऱ्याचा दाब पाहून ओळखणे ती भोसरीत शिकली, परंतु ते तिचे स्वतःचे ज्ञान आहे. ते विसरण्याची अट कोणी घालू शकत नाही. चौथी माहिती म्हणजे कारखान्यातील गैरप्रकारांची, उदाहरणार्थ सांडपाणी प्रक्रिया न करता सोडल्याची. ती मालकाला अडचणीची असली तरी व्यापारी गुपित नव्हे. पोलीस, न्यायालय किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला ती सांगण्यास मनाई करणारे कलम सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जाते आणि करार अधिनियमाच्याच कलम २३ पुढे टिकणे कठीण आहे. तरीही हा अपवाद मसुद्यात स्पष्ट लिहून घ्यावा, कारण न लिहिलेल्या अपवादावर नंतर वाद घालण्यात वर्षे जातात.

आता मसुदे पुन्हा शेजारी ठेवू. सरसकट मसुदा ‘कोणतीही माहिती’ म्हणतो आणि नेमके काय गुप्त आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवरच टाकतो. दाव्यात ‘तंत्र चोरले’ एवढेच लिहिले तर न्यायाधीश विचारतील, कोणते तंत्र? नेमक्या मसुद्यात उत्तर आधीच दिलेले असते: परिशिष्ट अ, प्रायमरची कृती, अमुक क्रमांकाची फाइल. म्हणूनच नेमका मसुदा अधिक जोराने बांधतो आणि त्यावर सही करताना तिने परिशिष्टातील प्रत्येक ओळ वाचून, बाजारात उघड असलेल्या बाबी खोडून घ्यायला हव्यात. सरसकट मसुद्यात अवैध आणि वैध भाग वेगळे करता आले, तर न्यायालय वैध गुप्तता कायम ठेवू शकते. ‘हे सगळे रद्दच आहे’ अशा भरवशावर सही करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मुदतीबाबत माझे मत असे आहे की एकच आकडा सर्व माहितीला लावणे चुकीचे आहे. दर वर्षी बदलणाऱ्या दरपत्रकाला अठरा महिने पुरेसे आहेत, तर कृती गुप्त आहे तोवर तिचे संरक्षण चालू राहणे रास्त आहे. ‘कायम’ हा शब्द सर्वत्र लिहिल्याने कंपनीची बाजू बळकट होत नाही.

पंचवीस लाखांच्या आकड्याने दबून जाऊ नये. त्याच अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारातील रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई ठरवते. नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असेल, तर कंपनीने ते सिद्ध करणे अपेक्षित असते. खरा त्रास वेगळा असतो. नव्या कंपनीच्या नावे वकिलाची नोटीस गेली की दावा लागण्याआधीच तेथील लोक बिचकतात. सरसकट मसुद्यातील नोकरीबंदी न्यायालयात टिकत नसली तरी ती अशा नोटिशीचे शस्त्र म्हणून नक्कीच वापरली जाते. ती काढून घेण्याचे हेच मुख्य कारण आहे.

सहीच नको, हा पर्याय वाटतो तितका मोकळा नाही. गुप्ततेचे कलम बहुधा नियुक्तीपत्रातच असते आणि सेवा संपल्यावरही ते लागू राहील, असे त्यात लिहिलेले असते. असा कागद नसला तरी विश्वासाने मिळालेल्या गुपिताचा गैरवापर रोखण्याचा अधिकार न्यायालये मान्य करतात. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली. तोवर करार आणि न्यायालयांची ही परंपरा यांच्यावरच भिस्त आहे. दुसऱ्या बाजूने, निघताना नव्याने मागितलेल्या सहीच्या बदल्यात कंपनी काही देत नसेल, तर मोबदल्याविना झालेला करार म्हणून त्याला आव्हान देता येते. आधीच देय असलेला पगार किंवा ग्रॅच्युइटी हा नवा मोबदला नसतो आणि सही होईपर्यंत तो अडवून ठेवण्याचा अधिकारही कंपनीला मिळत नाही.

म्हणून नियुक्तीपत्रात गुप्ततेचे कलम असेल, तर तिने नव्या कागदावर सही करण्याची घाई करू नये आणि त्या जुन्या कलमाचाच उल्लेख असलेले हस्तांतरपत्र द्यावे. लॅपटॉप, प्रयोगवह्या, नमुने आणि खात्यांचे पासवर्ड परत केल्याची यादी त्यात असावी आणि तिच्यावर विभागप्रमुखाची पोच घ्यावी. नवा कागद टाळता येणे अशक्य असेल, तर परिशिष्टासह नेमका मसुदा स्वीकारावा. नोकरीबंदीचे कलम काढण्यास कंपनी तयार नसेल, तर चाकणच्या कंपनीला त्याची माहिती आधीच लेखी द्यावी, म्हणजे नोटीस आली तरी ती त्यांना अनपेक्षित वाटणार नाही. स्वतःजवळ नियुक्तीपत्र, पगारपत्रके आणि अनुभवपत्र ठेवावे. प्रयोगवहीची झेरॉक्स मात्र ठेवू नये, मग ती वही तिच्याच हस्ताक्षरात का असेना.