घाटावरच टिपायचं, घाटावर दोन भागांत, की माणूस स्टुडिओत? एका नऊवारीच्या फोटोसाठी तीन मार्ग

समजा नऊवारी साड्यांच्या छोट्या व्यवसायाला एक फोटो हवा आहे. वाईला कृष्णेचा घाट, काळ्या दगडाच्या पायऱ्या, मागे देऊळ, तिरपं ऊन आणि पायरीवर नऊवारीतली मुलगी. अडचण अशी की चांगलं ऊन येतं तेव्हाच घाटावर गर्दीही असते. म्हणून पार्श्वभूमी आणि माणूस वेगवेगळे टिपून नंतर जोडावेत, असा विचार सुरू होतो. हे दोन प्रकारे करता येतं आणि दोन्हींत कष्टाचा फरक मोठा आहे.

एकाच फ्रेममध्ये सगळं टिपणं हा पहिला मार्ग. घाट रिकामा मिळत असेल तर हाच निवडा. बाकी दोन मार्गांत जे उजेडाचे ताळमेळ हाताने बसवावे लागतात, ते इथे आपोआप बसलेले असतात.

दुसऱ्या मार्गात कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बांधून त्याच जागी दोन भागांत काम करायचं. आधी मॉडेलचे फोटो घ्यायचे. शेजारी मदतनीस रिफ्लेक्टर धरून उभा असला तरी चालतं. मग मॉडेलला बाजूला करून, कॅमेरा न हलवता, थोड्या थोड्या वेळाने त्याच जागेचे दहा-बारा फोटो घ्यायचे. फोटोशॉपच्या Statistics स्क्रिप्टमध्ये Median निवडलं की फिरती माणसं पुसली जातात आणि रिकामा घाट उरतो. एकाच जागी ठाण मांडून बसलेला माणूस मात्र जात नाही, त्याला दोन मिनिटं उठायची विनंतीच करावी लागते. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर हवेत.

या मार्गाची खरी ताकद म्हणजे साडी कापून काढावी लागत नाही. मॉडेलचा फोटो रिकाम्या घाटावर ठेवायचा आणि त्यातला फक्त तिच्याभोवतीचा भाग मास्कने दिसू द्यायचा. तिच्या मागेही तोच घाट आहे, त्यामुळे हा मास्क तिच्यापासून हातभर लांबून, ढोबळ फिरवला तरी चालतो. सुटे केस, पदराचं झिरझिरीत टोक, पायाशी पडलेली सावली हे सगळं खरं, जसंच्या तसं राहतं. मर्यादा दोन. सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो, म्हणून दोन्ही भाग दहा मिनिटांत उरका. अर्धा तास गेला की खांबांच्या सावल्या जागा सोडतात आणि मास्कच्या कडेला तुटतात. दुसरं म्हणजे मास्कची कड पाण्यावरून नेऊ नका. दोन फोटोंतले तरंग कधीच जुळत नाहीत, दगडावरची कड मात्र सहसा दिसत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे घाटाचा फोटो वाईला आणि मॉडेल पुण्यातल्या स्टुडिओत. दहा साड्या एकाच पार्श्वभूमीवर हव्या असतील किंवा मॉडेलला वाईला नेणं जमत नसेल, तर हा मोह होणारच. इथे सगळं यश घाटावर केलेल्या नोंदींवर उभं असतं, आणि नेमकी तीच पायरी बहुतेक जण गाळतात.

जिथे मॉडेल उभी राहिली असती, तिथे काठीवर थर्माकोलचा पांढरा गोळा धरा आणि घाटाच्याच एक्सपोजरवर त्याचा फोटो घ्या. उजेड कोणत्या बाजूने येतो, सावलीची कड धारदार आहे की विरघळती, हे त्यावर स्पष्ट दिसतं. मग कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर ठेवून गोळ्याच्या दोन्ही बाजू मोजा. उन्हाची बाजू १/५०० आणि सावलीची १/६० आली, तर फरक तीन स्टॉपचा, म्हणजे उजेड आठपट. उन्हाची उंचीही मोजता येते. ३० सेंटिमीटरची पट्टी सपाट जागी उभी धरा. सावली ८२ सेंटिमीटर पडली तर सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर आहे, म्हणजे सूर्यास्ताला साधारण दीड तास बाकी. शेवटी कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची आणि मॉडेलच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा १.१ मीटर आणि ४ मीटर आलं.

आता हेच आकडे स्टुडिओत बसवायचे. लेन्स बदलली तरी चालेल, पण अंतर आणि उंची बदलली की मुलगी पायरीवर उभी न वाटता चिकटवलेली वाटते, कारण दृष्टिकोन ठरतो तो अंतरावरून. चार मीटर पुढे आणि दीड मीटर मागे मोकळं हवं, म्हणजे १८ फुटांची खोली लागलीच. मॉडेल वरच्या पायरीवर दाखवायची असेल, तर तेवढ्या उंचीच्या पाटावर उभी करा.

उन्हासाठी सॉफ्टबॉक्स नको. उन्हाची सावली धारदार असते, म्हणून उघडा फ्लॅश लागतो आणि तोही लांब. दीड मीटरवर ठेवलात तर चेहरा उजळ आणि पाय अंधारात जातात. ऊन डोक्यापासून पायापर्यंत सारखंच पडतं. फ्लॅश चार मीटरवर, चेहऱ्यापासून २० अंश वर ठेवायचा तर तो जमिनीपासून जवळपास तीन मीटर उंच जातो, म्हणजे दहा फुटांच्या छताला टेकतोच. याहून चढं ऊन साध्या स्टुडिओत जमणार नाही. तेव्हा घाटाचा फोटो घेतानाच हा विचार व्हायला हवा.

सगळ्यात जास्त फोटो फसतात ते पांढऱ्या भिंतींमुळे. घाटाचा काळा दगड उजेड फारसा परत फेकत नाही, त्यामुळे तिथे हनुवटीखाली आणि निऱ्यांच्या आत सावली गडद राहते. स्टुडिओच्या भिंती आणि फरशी तीच सावली भरून टाकतात, आणि मग कितीही कर्व्हज ओढले तरी मुलगी घाटावरची वाटत नाही. सावलीच्या बाजूला काळं कापड टांगा, पायाखाली गडद कापड अंथरा आणि मग तोच थर्माकोलचा गोळा मोजा. तीन स्टॉप येईपर्यंत मॉडेलला बोलवूच नका.

रंगाचंही तसंच. उतरतं ऊन पिवळसर असतं आणि सावलीत आकाशाची निळी झाक असते. उन्हाच्या फ्लॅशवर हलकी नारिंगी क्वार्टर सीटीओ जेल लावा, सावली थोडी उजळणारा फिल लाइट बिनजेलचा ठेवा आणि व्हाइट बॅलन्स घाटावर होता तोच. नंतर स्लायडर ओढून पूर्ण कटआऊट पिवळा केलात तर सावलीही पिवळी होते, आणि खऱ्या उन्हात तसं कधी दिसत नाही.

जोडताना सर्वांत वर काळ्या रंगाचा लेअर टाकून त्याचा मोड Color करा. रंग निघून जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. देवळाच्या सावल्या आणि साडीच्या सावल्या सारख्याच खोल दिसतात का, ते तिथे लगेच कळतं.

एवढं सगळं जमलं तरी पायांचा प्रश्न राहतोच. २० अंशांच्या उन्हात १.६ मीटर उंचीच्या मुलीची सावली सपाट जमिनीवर जवळपास साडेचार मीटर पडेल. घाटावर ती सावली प्रत्येक पायरीला मोडत जाते. अशी सावली हाताने रंगवणं फार थोड्यांना साधतं आणि फसलेली सावली बघणाऱ्याला लगेच खटकते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण उंचीचा, पाय पायरीवर टेकलेले दिसणारा फोटो हवा असेल तर मॉडेलला वाईला न्या आणि दुसरा मार्ग धरा, प्रवासाचा खर्च एडिटिंगमध्ये वसूल होतो. फ्रेम कमरेपर्यंतचीच असेल आणि साड्या बऱ्याच असतील तर स्टुडिओ परवडतो. फक्त साडी झिरझिरीत पदराची नको आणि पार्श्वपडदा पांढरा न घेता मध्यम करडा घ्या, म्हणजे केसांच्या कडेला पांढरी रेघ येणार नाही.