भाडेकरू म्हणतो, "आणखी एक जण राहायला येतोय": परवानगीचं पत्र, पुरवणी करार की नवा करार?

"आई राहायला येतेय" आणि "मित्र येतोय, भाडं निम्मं-निम्मं देऊ". फोनवर दोन्ही विनंत्या सारख्याच वाटतात. होकार देण्याआधी मी एकच विचारतो: भाडं थकलं तर मागायचं कोणाकडे?

आईसाठी परवानगीचं पत्र पुरतं. त्यात मूळ कराराची तारीख, आईचं नाव, नातं आणि भाडेकरूने घर सोडलं की तिचाही मुक्काम संपेल, एवढं लिहून मालक आणि भाडेकरू दोघांनी सह्या करायच्या. करार तसाच राहतो. मर्यादा अशी की आईकडे भाडं मागता येत नाही. पण पुढे भाडं तिच्या खात्यातून येऊ लागलं आणि आपण पावतीही तिच्या नावे दिली, तर "मीसुद्धा भाडेकरूच" म्हणायला तिच्या हाती पुरावा येतो. पावती करारातल्या नावानेच द्यावी.

मित्र भाडं देणार असेल, तर पत्र कमी पडतं. समजा, ११ महिन्यांच्या करारातले ४ महिने उरलेत. मी पुरवणी करार निवडेन. मुदत तीच ठेवायची आणि मालक, जुना भाडेकरू, नवा भाडेकरू अशा तिघांच्या सह्या घ्यायच्या. पूर्ण भाड्याला दोघंही, एकत्र आणि स्वतंत्रपणे, जबाबदार आहेत हे वाक्य विसरू नका. नाहीतर मित्र आपला निम्मा वाटा देऊन हात वर करतो.

खरी भांडणं डिपॉझिटवरून होतात. मित्र निम्मी रक्कम परस्पर जुन्या भाडेकरूला देतो, जुना दोन महिन्यांत निघून जातो आणि मग दोघंही मालकाकडे पैसे मागतात. म्हणून घर पूर्ण रिकामं झाल्यावरच डिपॉझिट परत मिळेल आणि ते कोणाच्या खात्यात जाईल, हे आधीच लिहून घ्यावं. मूळ करारात जामीनदार असेल, तर त्याचीही सही हवी. त्याला न विचारता करार बदलला, तर तो अंग काढून घेऊ शकतो. मूळ करार नोंदवलेला असेल, तर पुरवणीची नोंदणीही करावी लागते का, ते वकिलाला विचारून घ्या.

जुना भाडेकरू लवकरच जाणार असेल, भाडं बदलायचं असेल किंवा मुदतीचा महिनाच उरला असेल, तर नवा करार बरा. खर्च आणि खटपट जास्त, पण आधीच्या मोडतोडीचा हिशेब जुन्या भाडेकरूकडूनच चुकता होतो. त्यासाठी नवा माणूस येण्यापूर्वी घराचे फोटो काढा.

पडताळणी तिन्ही मार्गांत सामान येण्याआधीच व्हायला हवी. मूळ ओळखपत्र समोर बसून पाहा, सही केलेली प्रत ठेवा आणि पोलिसांना कळवायचा नियम असेल तिथे प्रत्येक नव्या प्रौढ माणसाची माहिती द्या. भाडं देणाऱ्याचा उत्पन्नाचा पुरावा पाहून आधीच्या घरमालकाला फोन करा. आईला या दोन्हींची गरज नाही. "तो राहायला आलाय, कागद पुढच्या आठवड्यात देतो" असं कळलं, तर त्याच दिवशी लेखी कळवा की परवानगी अजून दिलेली नाही.