फोटोत सावल्या खऱ्या होत्या, रंग खोटा होता

रंगकाम ठरवण्याआधी खोलीच्या फोटोवर नवा रंग चढवून दाखवणाऱ्या एकाने आमची फसवणूक केली. तो प्रकार अनेकांच्या बाबतीत होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या भिंती फिकट क्रीम होत्या आणि आम्ही गडद निळी शेड निवडली होती. आलेला फोटो अगदी खरा वाटत होता. स्विचबोर्ड पांढरेच होते, कडांना निळा डाग नव्हता. खिडकीजवळ उजेड, कोपऱ्याकडे हळूहळू अंधार, पंख्याची सावली, सगळं जागच्या जागी. फोटोतला निळा मध्यम, प्रसन्न होता. आम्ही होकार दिला, पैसे दिले. भिंत रंगली तेव्हा खोली काळवंडली. तक्रार केल्यावर उत्तर आलं, 'शेडचा नंबर तोच आहे, फोटो तुम्हीच मंजूर केलाय.'

नंबर खरंच तोच होता. खोट फोटोत होती. नवा रंग फोटोशॉपच्या Color मोडमध्ये चढवला होता. त्यात रंगछटा आणि रंगाची तीव्रता बदलते, उजळपणा जुन्या भिंतीचाच राहतो. म्हणून तर सावल्या इतक्या सुंदर टिकतात, आणि म्हणूनच गडद शेड फिकट दिसते.

काही शेडकार्डांवर एलआरव्ही छापलेला असतो, म्हणजे रंग किती टक्के उजेड परतवतो तो आकडा. आमच्या क्रीमचा सुमारे 80 होता, निळ्याचा 10. म्हणजे भिंतीवरून परतणारा उजेड आठव्या हिश्श्यावर येणार. फोटोतले उजळपणाचे आकडे, म्हणजे काळ्यासाठी 0 ते पांढऱ्यासाठी 255, उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे तिथे हा फरक साधारण 0.39 पट होतो. खिडकीजवळ 220 असलेली भिंत 86च्या आसपास यायला हवी, कोपऱ्यातली 150 असलेली 58च्या आसपास. दोन्ही जागा एकाच पटीने उतरल्या, तर उजेडाचा उतार शाबूत राहतो आणि रंगही खरा दिसतो. आमच्या फोटोत खिडकीजवळचा उजळपणा 220च्या जवळच होता.

हट्टाने मूळ लेयरची फाइल मागवली. Multiply मोडमधला, म्हणजे जुन्या भिंतीचा उजळपणाही पटीत उतरवणारा गडद लेयर त्यात तयार होता, फक्त बंद करून ठेवलेला. म्हणजे खरी खोली कशी दिसणार हे त्यांना ठाऊक होतं. मला सर्वात जास्त राग याचाच आला.

ही लबाडी मोबाइलवरही पकडता येते. जुना आणि नवा, दोन्ही फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवा. गडद शेड घेतली असताना भिंती सारख्याच करड्या दिसल्या, तर फोटो खोटा आहे. Multiply केलेला फोटोही एका बाबतीत अपुरा पडतो: गडद भिंती छताकडे आणि समोरच्या भिंतीकडे कमी उजेड परतवतात, म्हणून प्रत्यक्ष खोली फोटोपेक्षाही थोडी अंधारीच होते. होकार देण्याआधी शेडचा नंबर, एलआरव्ही आणि कृष्णधवल प्रत लेखी मागा, आणि खिडकीपासून सर्वात लांबच्या कोपऱ्यात नमुन्याचा मोठा पट्टा रंगवून घ्या.