झटका मशीनच्या सोलर कंट्रोलरसाठी कोणता ऑसिलोस्कोप: खिशातला की टेबलावरचा?

विदर्भात रानडुक्कर आणि रोही पिकात घुसू नयेत म्हणून कुंपणाला झटका मशीन लावतात. तिची 12 व्होल्टची बॅटरी सोलर पॅनलवर चार्ज होते. मधल्या चार्ज कंट्रोलरमध्ये बिघाड झाला की दुरुस्ती करणारा त्याचे स्विचिंग पल्स बघतो आणि त्यासाठी स्कोप घ्यायचा म्हटला की दोन पर्याय समोर येतात. एक खिशात मावणारा, सेकंदाला जास्तीत जास्त 10 लाख सॅम्पल घेणारा, 200 किलोहर्ट्झ बँडविड्थचा, मेमरी साधारण 1000 बिंदूंची. दुसरा टेबलावरचा, 100 मेगाहर्ट्झचा, सेकंदाला 1 अब्ज सॅम्पल आणि 1 कोटी बिंदूंची मेमरी असलेला. खोक्यावर ठळक छापलेला सॅम्पल रेट बघून निवड करू नका. स्लो टाइमबेसवर खरा फरक मेमरीमुळे पडतो.

पडद्यावर जेवढा वेळ दिसतो तेवढ्यातच मेमरीचे सगळे बिंदू बसवावे लागतात. म्हणून टाइमबेस स्लो केला की स्कोप स्वतःच सॅम्पल रेट खाली आणतो:

```
सॅम्पल रेट = मेमरीचे बिंदू ÷ पडद्यावरचे सेकंद
```

समजा कंट्रोलरच्या पल्सची फ्रीक्वेन्सी 20.01 किलोहर्ट्झ आहे आणि टाइमबेस 20 मिलिसेकंद प्रति खाना आहे. दहा खान्यांचे 200 मिलिसेकंद होतात. छोटा स्कोप 1000 बिंदू त्यात वाटतो, म्हणजे सेकंदाला फक्त 5000 सॅम्पल घेतो. दोन सॅम्पलच्या मध्ये पल्सचे चार पूर्ण फेरे आणि वर थोडासा भाग निघून जातो. तो उरलेला भाग साचत जातो आणि पडद्यावर 20,010 − 20,000 = 10 हर्ट्झची चौकोनी लाट उमटते. तिचा ड्यूटी सायकलही खऱ्या पल्सएवढाच दिसतो, म्हणून ती अगदी खरी वाटते. हेच एलियासिंग. बघणाऱ्याला वाटतं, कंट्रोलर सेकंदाला दहा वेळा चालू-बंद होतोय, बॅटरीचं टर्मिनल सैल असावं किंवा मॉसफेट गेला असावा. मग चांगला मॉसफेट बदलला जातो.

टाइमबेस एक घर बदलून बघा, फ्रीक्वेन्सी बदलली तर लाट खोटी, असा सल्ला नेहमी मिळतो. इथे तो फसतो. 10 मिलिसेकंदावर रेट 10,000 होतो, 5 वर 20,000, 50 वर 2000. हे सगळे आकडे 20,000 ला पूर्ण भाग देतात, त्यामुळे प्रत्येक वेळी तीच 10 हर्ट्झची लाट दिसत राहते. 2 मिलिसेकंदावर रेट 50,000 होतो तेव्हा कुठे ती मोडते. म्हणून सवय उलटी लावा: सुरुवात सर्वात फास्ट टाइमबेसवरून करा आणि हळूहळू स्लोकडे या. 10 मायक्रोसेकंद प्रति खान्यावर छोटा स्कोपही सेकंदाला 10 लाख सॅम्पल घेतो, म्हणजे एका पल्सला जवळपास 50. तिथे 20 किलोहर्ट्झचा आकार नीट दिसतो.

मोठ्या स्कोपवर त्याच 20 मिलिसेकंदाला सेकंदाला 5 कोटी सॅम्पल मिळतात. पडदा भरीव पट्ट्यासारखा दिसतो आणि झूम केल्यावर एकेक पल्स वेगळा होतो. मात्र मेनूतली मेमरी कमी ठेवलेली असेल तर हाही फसवेल, म्हणून पडद्यावरचा `Sa/s` आकडा वाचत जा. 50 सेकंद प्रति खान्यावर याचाही रेट 20,000 वर उतरतो आणि 10 हर्ट्झची लाट परत येते. `Peak Detect` असेल तर ते लावा. मधले कमाल-किमान बिंदू टिपले जातात आणि खोट्या लाटेच्या जागी भरीव पट्टा दिसतो.

सिद्धांताप्रमाणे सिग्नलमधल्या सर्वात मोठ्या फ्रीक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त रेट लागतो. चौकोनी पल्सचे हार्मोनिक फार वरपर्यंत जातात, म्हणून पल्स आहे की नाही आणि ड्यूटी साधारण किती, एवढं बघायलाही मूळ फ्रीक्वेन्सीच्या किमान दहापट धरा. इथे 20 किलोहर्ट्झला सेकंदाला 2 लाख.

माझं मत: पल्स येतोय का, ड्यूटी किती, एवढंच बघायचं असेल तर छोटा स्कोप पुरतो. मात्र 200 किलोहर्ट्झ बँडविड्थमुळे पल्सची कड 1.75 मायक्रोसेकंदांपेक्षा फास्ट दिसणार नाही, म्हणून मॉसफेट का तापतो याचा शोध त्यावर घेऊ नका. अधूनमधून चुकणारा पल्स लांब रेकॉर्डिंगमध्ये पकडायचा असेल तर मोठ्या मेमरीलाच पैसे द्या.

दिवसभर बॅटरीचा व्होल्टेज नोंदवायला स्कोप नको, आर्डुइनो पुरतो. 12 व्होल्ट आधी डिव्हायडरने 5 च्या खाली आणा. सेकंदाला 10 सॅम्पल घेत असाल तर इनपुटच्या आधी 10 किलोओहम रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरड कपॅसिटर लावा. या फिल्टरची सीमा सुमारे 1.6 हर्ट्झ येते, सॅम्पल रेटच्या निम्म्या म्हणजे 5 हर्ट्झच्या मर्यादेच्या बरीच खाली, आणि 20 किलोहर्ट्झचा रिपल हजारो पटींनी घटतो. डिव्हायडरच्या रेझिस्टरमुळे सीमा आणखी थोडी खाली जाईल, ते चालतं. फिल्टर सॅम्पलिंगच्या आधीच हवा, कारण एकदा नोंदीत शिरलेली खोटी लाट नंतर सरासरी काढून ओळखताही येत नाही.